निंगव्वाची कोरी जागा

धारवाडच्या सप्तापुरात चार वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी निंगव्वा तळवार एकतीस वर्षांची होती. क्लासातली पोरं तिला अक्का म्हणत आणि मागून हसत. भावानं निरोप धाडला होता, 'जागा मिळाली नाही तर गावी ये, स्थळ बघतो.' जागा म्हणजे क्लास चालवणाऱ्या हुडेद सरांच्या अभ्यासिकेतली फुकटची खुर्ची. महिन्याच्या चाचणीत पहिला येईल त्याची.

निकाल लागला. क्लासातल्या विरूपाक्षला साडेएकसष्ट, निंगव्वाला एकसष्ट.

ती उत्तरपत्रिका घेऊन उभी राहिली. "सर, सदतिसावा, धरणं आणि नद्यांच्या जोड्यांचा प्रश्न मी कोरा ठेवला. चारातला एकही पर्याय बरोबर नाही."

"तिसरा बरोबर आहे."

"तिसऱ्यात नविलुतीर्थला घटप्रभा दिलीय. मी त्या धरणाखालच्या गावची. मलप्रभेचं पाणी पिऊन वाढलेय. आणि एक चुकली की दुसरी चुकतेच. नविलुतीर्थनं हिडकल धरणाची घटप्रभा बळकावली, तर हिडकलच्या वाट्याला मलप्रभाच उरते. तीही चूक."

सरांनी पुस्तक उघडलं, पान पाहिलं आणि मिटलं. "आलमट्टी-कृष्णा, लिंगनमक्की-शरावती बरोबर आहे ना? मग त्यातल्या त्यात तोच."

निंगव्वाचं डोकं तापलं. गेल्या महिन्यात अशाच प्रश्नात तिनं निवडलेल्या पर्यायातल्या दोन जोड्या बरोबर होत्या. तिनं अर्धा गुण मागितला तेव्हा याच सरांनी सगळ्यांसमोर तिची खिल्ली उडवली होती, वर चुकीच्या उत्तराचा पाव गुण कापला होता.

"तुम्हीच म्हणाला होतात सर, पर्याय म्हणजे एकच उत्तर. चारही जोड्या मिळून. एक जरी चुकली तरी सगळा पर्याय चूक, अर्धं काही मिळत नाही. तो कायदा माझ्यापुरताच होता का?"

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. सर तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

"निंगव्वा, पेपर बाहेरच्या दोन क्लासांना विकलाय. उगाच बोभाटा नको. तू उद्यापासून खुर्चीवर बस. विरूपाक्षला मी दुसरी लावून देतो. फक्त या प्रश्नाचं कुठं बोलू नकोस."

खुर्ची हातातोंडाशी आली होती. भावाला आज रात्रीच फोन करता आला असता. तिला मोह झाला, अगदी खरा.

"खुर्ची माझी, ही जोडी बरोबर," ती म्हणाली. "तोंड बंद ठेवायचं, ही चूक. मग सगळा पर्यायच चूक, सर. मी घेत नाही."

ती आत येऊन आपल्या बाकावर बसली. जायचं तर गावी जाऊ, पण मान खाली घालून नाही.

बऱ्याच वेळानं सर आत आले. कुणाकडे न बघता त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'प्रश्न ३७ रद्द. गुण कुणालाच नाही.'

विरूपाक्षनं बोटांवर हिशेब केला. त्याचा एक गुण गेला, राहिले साडेसाठ. तो उठला, अभ्यासिकेतल्या खुर्चीवर ठेवलेली आपली पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "जा अक्का, बस."

या वेळी मागून कुणी हसलं नाही.