खोकला कानात, पथ्य घशाला

शिरोलीच्या फाउंड्रीत आवाज टाळायला कानात बोळे घातले की मला खोकल्याची उबळ यायची. सगळ्यांनी धुळीला धरलं. छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ! मग घरच्यांनी माझा तांबडा रस्सा बंद केला. दर रविवारी सासरे माझ्यासमोर माझ्या वाटणीचा रस्सा भुरकायचे आणि वर म्हणायचे, "पावणं, घसा जपाय पायजे की."

शेवटी कान बंद झाला म्हणून कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आतल्या मळाला सळई नुसती लावली आणि मी खोकलो.

"सापडला चोर," डॉक्टर म्हणाले. बोळ्यांनी आत ढकललेला मळ कानाच्या भिंतीला टेकला होता, बोळा घातला की तो आणखी रुतायचा. त्या कातडीत ज्या नसेची फांदी येते, तीच नस घशालाही जाते. मग मेंदूला वाटतं, घशातच काहीतरी अडकलंय. मळ निघाला, भिंतीला खुपणारं काही उरलं नाही, खोकलाही थांबला.

"आणि रस्सा?"

"रश्श्याचा काय संबंध?"

रविवारी रश्श्याचं भांडं माझ्याकडं ओढलं आणि सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भांड्यावरचा हात काढला नाही.

"पर पावणं, कानाला तिखट चालतंय व्हय?"