सूर्याचं पान आणि पुडाची वडी

मी पत्ते बघते म्हटलं की लोकांना रमी आठवते. माझे पत्ते टॅरोचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर लेक परगावी जाताना घरी विसरलेला जोड हाती लागला, पुस्तकं आणून शिकले आणि बघता बघता नागपूरच्या सक्करदऱ्यात पत्तेवाल्या काकू म्हणून ओळखली जाऊ लागले. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण भूगोलाच्या बाई म्हणून मला कुणी कधी हाक मारली नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एक बाई राहते. मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये दोन्ही वेळचा स्वयंपाक तिच्याकडे होता. तिच्या हातची पुडाची वडी खाल्ली की माणूस दुसरी मागतोच. बेसनाची पातळ पोळी, आतून चिंच-गुळाचा हात, त्यावर सांबार, खोबरं आणि खसखस ठासून भरायचं, मग पाकिटासारखी घडी घालून तळायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. दिवाळी उलटली होती, सांबाराचे दिवस होते आणि एका शनिवारी दुपारी ती माझ्याकडे आली. सदरमध्ये एक छोटं दुकान मिळत होतं. काचेचं कपाट होतं, वर पाटीही लावता येणार होती. मालकाला सोमवारी होकार हवा होता, म्हणजे सोमवारीच मेसची नोकरी सोडायची. घरात पगार आणणारी ती एकटी.

"काकू, हो का नाही, येवढंच सांगा," ती म्हणाली.

हो-नाहीचा प्रश्न मी घेत नाही. का घेत नाही, तेही सांगते. शिकायला लागल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या भाच्यानं जरीपटक्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं ठरवलं आणि हाच प्रश्न विचारला. सूर्य निघाला. मी खुशाल हो म्हणाले. वर्षाच्या आत दुकान बंद झालं. तो बिचारा मला काही बोलला नाही, एवढंच म्हणाला की मावशी, तुझं पान खोटं निघालं. पान खोटं नव्हतं, माझी जीभ सैल होती. ते मला अजून टोचतं.

म्हणून तिचा प्रश्न आधी बदलून घेतला. हे दुकान टाकताना मी काय ध्यानात ठेवू, असं विचार म्हटलं. तीन पानांच्या जागा आधीच ठरवल्या. पहिली, तुझ्याकडे काय आहे. दुसरी, पाय कशात अडकेल. तिसरी, आता काय करावं. तिनं डाव्या हातानं पत्ते कापले आणि मी मांडले.

पहिल्या जागी नाण्यांचं आठवं पान आलं. बाकावर बसलेला कारागीर एकेक नाणं ठोकतोय, मान खाली घालून. हा तिचा हात, यात शंका नव्हती. दुसऱ्या जागी एकोणिसावं पान, सूर्य. तिनं टाळीच वाजवली. पांढऱ्या घोड्यावर हसरं उघडं पोर, हातात लाल निशाण, मागं भिंत, भिंतीवर सूर्यफुलं आणि वर भलामोठा सूर्य. हे पान बघून कुणाचंही मन हरखतं. तिसऱ्या पानाकडे तिनं पाहिलंही नाही.

"झालं काकू. सूर्यच निघाला," ती म्हणाली आणि उठायला लागली.

बस खाली, मी म्हटलं. माझा आवाज वर्गातला निघाला असणार, कारण ती लगेच बसली.

मग मी तिला ते पान वाचून दाखवलं. सूर्य काय कबूल करतो? तू भिंतीबाहेर येशील, लोकांना दिसशील. कामात आनंद मिळेल, अंगात उमेद राहील. गोष्टी स्वच्छ दिसतील. आणि काय कबूल करत नाही? गिऱ्हाईक किती येईल, कधी येईल, किती दिवस टिकेल, यातलं एकही अक्षर या पानात नाही. पोराच्या हातात निशाण आहे, लगाम नाही. घोडा आवरायचं काम पान करत नाही. शिवाय उजेड पडला की सगळंच दिसतं, चांगलं आणि खोटही. त्यात तो आला होता पाय अडकण्याच्या जागी. तिथं मी त्याला असं वाचते, की सगळं इतकं लख्ख वाटतंय की खड्डा दिसायचा राहील.

"मंग माह्या वडीत काय खोट आहे?" ती जरा चिडूनच म्हणाली.

मला काय ठाऊक, मी म्हटलं. ते पानाला विचारू नको, वडीला विचार. तिसरं पान तेच सांगत होतं. नाण्यांचं सातवं. शेतकरी फावड्यावर रेलून आपण लावलेल्या झाडाकडे बघतोय. थांब आणि बघ. तिला म्हटलं, दुकानात वडी कशी विकणार? ती म्हणाली, सकाळी तळून काचेत ठेवीन, रात्रीपर्यंत खपवीन. मग उद्या तेच कर, तशीच ठेव आणि संध्याकाळी आपण खाऊन बघू.

ती तोंड वाकडं करून गेली. जाताना आणखी एक पान काढा म्हणाली. मी नाही म्हटलं. मनासारखं येईपर्यंत पानं ओढणं म्हणजे आपलीच आपण फसवणूक.

रविवारी तिनं सकाळी नवाला वड्या तळून माझ्या काचेच्या कपाटात ठेवल्या. संध्याकाळी पाचला कपाट उघडलं. आमचे हे, ज्यांचा पत्त्यांवर काडीचा विश्वास नाही पण वडीवर पूर्ण आहे, ते आधीच टेबलाशी बसले होते. तिनं एक वडी मोडली. कुरकुर आवाज आला नाही. सांबाराचं पाणी पारीत उतरलं होतं. ह्यांनी एक खाल्ली, दुसरी मागितली नाही. तिचा चेहरा उतरला. एवढं काही वाईट नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण मी तोंड मिटून बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही अभिमान आहे.

मग ती उठली, माझ्या स्वयंपाकघरात गेली, सोबत आणलेल्या कच्च्या वड्या कढईत सोडल्या आणि गरम कढीसोबत वाढल्या. ह्यांनी चार खाल्ल्या.

"काकू, दुकान नाही घेत मी," ती म्हणाली. "काचेत ठेवाची चीजच नाही हे. कढईच लोकाईच्या समोर ठेवते."

हे तिला मी सांगितलं नव्हतं, पानानंही नाही. सोमवारी तिनं दुकानवाल्याला नकार कळवला आणि मेसमधून फक्त सकाळची पाळी मागून घेतली. महिन्याभरात विक्रीचं लायसन्स काढून सक्करदऱ्याच्या रस्त्यावर तिची वड्यांची हातगाडी लागली. तिथं संध्याकाळी ती चारचौघांसमोर वडी भरते, घडी घालते, तळते. उन्हाळ्यात सांबार रुसला की कैरीचं पन्हं विकते. दुसरा हिवाळा आला तेव्हा मेसची सकाळची पाळीही सुटली.

परवा मी रांगेत उभी होते. माझ्यापुढच्या बाईनं तिला विचारलं, म्हणे तुमचा धंदा चालणार हे तुम्हाला पत्त्यांत आधीच सांगितलं होतं, खरं का? तिनं मला पाहिलं नव्हतं. कढईतला झारा न थांबवता ती म्हणाली, "पत्त्यात सूर्य निघाला होता वं. वडी मीच तळते."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. तुझं नावही घेतलं नाही, वाईट नाही वाटलं? ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं माझा धडा इतका बरोबर म्हणून दाखवला नव्हता.