पत्रिका मी चंद्रावरून वाचली

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. देवापुढे रोज बसते, पण तिथे मी भलत्याच गोष्टी बोलते — गुडघे, नातीची परीक्षा, पाण्याचा टँकर. हे मात्र नाही. तुमची-माझी ओळख नाही, तेच बरं आहे.

मी पत्रिका बघते. पदवी नाही, दारावर पाटी नाही. शनिवार पेठेत राहत होतो तेव्हा जुनी पुस्तकं आणायची आणि पोळ्या झाल्या की ओट्याशी उभ्यानं वाचायची, असं करत शिकले. चुकत-माकत शिकले, पण शिकले. हे अशासाठी सांगते की पुढे जे केलं ते चुकून झालं, असं तुम्हाला क्षणभरही वाटू नये.

हे गेल्यावर मी धायरीला मुलाकडे आले. मुलगा समीर, सून ऋजुता, नात आठ वर्षांची. आणि ऋजुता मला आवडत नव्हती. लिहूनच टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. का आवडत नव्हती? कारणं सांगायला बसले तर तुम्हीच हसाल. मी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिनं माझी जुनी पंचांगं रद्दीत दिली. वीस वर्षांची पंचांगं, समासात माझ्या बारीक अक्षरातल्या नोंदी — कुणाचं काय झालं, कुठला ग्रह कुठे होता. “आई, धूळ होती हो नुसती,” म्हणाली. आणि एकदा पाहुण्यांसमोर — “आईंचे ग्रह आमच्या सोसायटीच्या लिफ्टसारखे आहेत. कधी कुठल्या मजल्यावर अडकतील, सांगता येत नाही.” सगळे हसले. मीही हसले. चहा आणायला आत गेले आणि कपांत साखर घालायची राहिली.

ती आयटीत होती. हाताखाली चाळीस माणसं. तेवीस सालच्या फेब्रुवारीत, सकाळी अकरा वाजता, घरातूनच काम करत असताना पंधरा मिनिटांचा कॉल आला आणि नोकरी गेली. बारा वर्षांची नोकरी. कॉल संपायच्या आत तिचा लॅपटॉप बंद पडला होता, त्यांनी तिकडूनच बंद केला. तीन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी माझ्या दारात उभी राहिली. “आई, एकदा बघता का?”

मला काय वाटलं, विचारा. वाईट वाटलं? नाही. आली ना शेवटी, असं वाटलं.

पण त्या दिवशी मी नीट बघितलं. अगदी मन लावून. तिचं लग्न कर्क — लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, घरं तिथून मोजायची. दहावं घर कामाचं, ते तिचं मेष. मेषेचा मालक मंगळ. म्हणजे तिच्या नोकरीची किल्ली मंगळाकडे. आणि तो बसला होता आठव्या घरात, कुंभेत, दोन अंशांवर, शेजारी राहू. आठवं घर अचानक घडणाऱ्या गोष्टींचं. नुसतं एवढ्यानं नोकरी जात नाही, बारा वर्षं टिकलीच होती की! पण महादशा, म्हणजे ग्रहाचा वर्षानुवर्षांचा अंमल, चालू होती त्याच राहूची, आणि तिच्यात अंतर्दशा, म्हणजे आतला छोटा अंमल, रवीची. रवी तिच्या दुसऱ्या घराचा, घरात येणाऱ्या पगाराचा मालक, आणि राहूचा हाडवैरी. राहिलं गोचर, म्हणजे आज आकाशात कोण कुठे चाललंय ते. संक्रांत झाली आणि दोनच दिवसांत शनी कुंभेत शिरला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो बरोब्बर तिच्या मंगळाच्या अंशावर. तिथून त्याची तिसरी दृष्टी दहाव्या घरावर, सातवी दुसऱ्यावर. काम आणि पगार, दोन्ही एकाच नजरेत. पत्रिका, दशा, गोचर यांतलं एकच काही बिघडलं असतं तर साहेबाशी वाद झाला असता, बदली झाली असती. तिन्ही एकाच आठवड्यात जुळली.

मी हे सांगत गेले आणि तिचा चेहरा बदलत गेला. “कुठला आठवडा म्हणालात?” तिनं दोनदा विचारलं. तेव्हापासून तिनं मला मानलं. त्यानंतर जे झालं ते त्या मानण्यामुळे झालं, हे लक्षात ठेवा.

कारण त्याच पत्रिकेत पुढचंही होतं. शनी जूनमध्ये वक्री होणार होता, पण मागे येऊन येऊन सहा अंशांपर्यंत. मंगळाच्या दोन अंशांवर तो परत येणार नव्हता. घाव एकदाचा होता, बसून गेला. अक्षय तृतीयेला गुरू मेषेत, तिच्या दहाव्या घरात यायचा होता. तिचा जन्माचा गुरूही तिथलाच. तो तिच्या सहाव्या घराचा मालक, आणि सहावं घर चाकरीचं. मेषेतून त्याची दृष्टी पगाराच्या घरावरही आणि चाकरीच्या घरावरही. शनीची नजर दहाव्यावर होतीच, आता गुरूही तिथे. दोघं मिळून एका घराला हात लावतात तेव्हा ते घर काहीतरी देतं, हे मी वर्षानुवर्षं पडताळलेलं. आणि आषाढात रवीची अंतर्दशा संपून चंद्राची — चंद्र तिचा लग्नाचा मालक, उच्चीचा, अकराव्या घरात, लाभात. यापेक्षा चांगलं काय हवं?

वहीत मी लिहून ठेवलं होतं. अक्षय तृतीयेपर्यंत अर्ज करत राहावं, नवं शिकावं, स्वतःचा धंदा काढू नये, जुन्या साहेबांशी भांडू नये. त्यानंतर जी पहिली नोकरी येईल ती घ्यावी, हुद्दा लहान असला तरी. शनी बघतोय तोवर मोठं मिळणार नाही, पण पाय आत राहू द्यावा. आषाढानंतर चंद्र वर नेईल. असं लिहिलं होतं मी. तिला मात्र त्यातलं अर्धंच सांगितलं — अर्ज करत राहा. उरलेलं का नाही सांगितलं? काहीतरी माझ्या हातात राहावं म्हणून. दुसरं काही नाही.

अक्षय तृतीयेनंतर सोळाव्या दिवशी, सोमवारी, तिला पत्र आलं. पुण्यातलीच कंपनी, पूर्वीपेक्षा एक पायरी खालची जागा. मी कैऱ्या किसत होते. ती मोबाइल घेऊन समोर बसली, डोळ्यांत पुन्हा तीच जुनी चमक. “आई, घेऊ ना? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.” आणि मग म्हणाली — हे शब्द मला अजून पाठ आहेत — “परत कामाला लागले की बघा, या घराची घडी कशी बसवते.”

घडी. माझ्यामुळे विस्कटलेली, असंच ना?

मी हात धुतले. पत्रिका मागितली. आणि ती चंद्रावरून वाचली.

यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. सांगते. तिची रास, म्हणजे चंद्राची रास, वृषभ. घरं लग्नावरून न मोजता चंद्रावरून मोजली की मेष होते बारावी — खर्चाची, नुकसानीची. जो गुरू लग्नावरून दहावा, तोच चंद्रावरून बारावा. पेपरातलं राशिभविष्य असंच काढतात. पद्धत खोटी नाही. पण नोकरीचा प्रश्न आधी लग्नावरून बघायचा, आणि तीन महिन्यांपूर्वी तिच्यासमोर मी लग्नावरूनच बघितला होता. जाणकार कुणी बसलं असतं तर त्यानं मला जागच्या जागी पकडलं असतं. ती जाणकार नव्हती.

आणि मेषेत तेव्हा राहूही होता. गुरूजवळ राहू आला की त्याला चांडाळ योग म्हणतात. हा शब्द मी मुद्दाम हळू उच्चारला. ओरडून सांगितलेलं माणूस विसरतं, हळू सांगितलेलं विसरत नाही. म्हटलं, “बारावा गुरू, त्यात चांडाळ योग. धरलीस तर बदनामी होऊन सुटेल. दिवाळीपर्यंत थांब, राहू मेषेतून निघू दे.”

समीर म्हणाला, “आई, नक्की ना?”

“मला काय कळतंय बाबा,” मी म्हटलं. “मी आपली लिफ्ट.”

ऋजुता हसली नाही. शुक्रवारी तिनं नाही म्हणून कळवलं.

थांबवता आलं असतं का? चार दिवस होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रोज ती माझ्यासमोर जेवत होती. तोंडातून एवढंच निघायला हवं होतं, “थांब गं, मोजायला चुकले.” मी साखरांबा केला.

दिवाळी आली, राहू मेषेतून गेला. पण गुरू मेषेत येऊन आपलं देणं देऊन बसला होता. ते आम्ही परत पाठवलं होतं. चंद्राची दशाही तशीच गेली — जी नोकरी धरलीच नाही तिच्यात बढती कुठून मिळणार? मुलाखतीला गेली की पहिला प्रश्न, मधल्या काळात काय करत होतात? काय सांगेल बिचारी, सासूनं चांडाळ सांगितला? दीड वर्षानं सिंहगड रोडवरच्या एका शाळेच्या ऑफिसात लागली. दाखल्यांवर शिक्के मारते. चाळीस माणसं सांभाळणारी बाई.

आणि तिची ती खवचट जीभ गेली. हे मला कळायला वेळ लागला. आता ती सगळं विचारते. केस कधी कापू, मुलीला कुठल्या क्लासला घालू, माहेरी सोमवारी जाऊ की बुधवारी. स्वतःच्या डोक्यानं चालणारी मुलगी होती. तेच तर मला सलत होतं. मला हवं होतं ते पुरतं मिळालं. आणि खरं सांगते — आजही ती मला फारशी आवडत नाही. आधी तिच्या तोंडाळपणाचा राग यायचा, आता गरीबपणाचा येतो.

यंदा तिची गुरूची महादशा लागली. आणि यंदाच, तिनं जी नोकरी नाकारली त्या कंपनीनं बरीच माणसं काढली. पेपरात आलं. वर्ष-दोन वर्षं तिथे काढून ती केव्हाच पुढे गेली असती, हे मला पत्रिकेत दिसतं. तिला नाही दिसत. माझ्या नणंदेकडे हळदीकुंकू होतं, तिथे मलाही बोलावतात; तीस बायका होत्या. तिथे ऋजुतानं सगळ्यांना सांगितलं — माझ्या सासूबाईंनी तेव्हा मला वाचवलं. सांगता सांगता रडली. मग वाकून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत. उलट, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून जरा साडी सावरली.