तिच्याच अक्षरातला कागद

आमची ही पुढच्या खोलीत भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेते. वर्षभर जेवणाच्या टेबलावर कात्री आणि डिंक घेऊन बसायची, मुलांच्या जुन्या चाचण्यांचे तुकडे कापायची. मी वैतागायचो. ताट ठेवायला जागा नाही आणि बाईसाहेबांची चिकटवाचिकटवी चाललेली!

त्या वर्षी तिच्याकडे एक मुलगी होती. अंगाने एवढीशी, म्हणून ही तिला चिमणी म्हणायची. अभ्यास चोख, पण आदल्या वर्षी पेपर हातात येताच डोकं कोरं झालं आणि नापास झाली. या वेळी पास झाली नाही तर परिचारिकेच्या प्रशिक्षणाला मुकणार, आणि वडील दुकानात बसवणार, हे ठरलेलंच. ते वडीलही हिच्याशी वाद घालून गेले होते. दुसऱ्या क्लासने परीक्षेआधीच्या शेवटच्या तासासाठी जाडजूड पुस्तिका दिली, तुम्ही देता एक पान, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं.

परीक्षेच्या सकाळी स्कूटरवरून मी हिला केंद्रावर सोडलं. फाटकापाशी चिमणी ती पुस्तिका भराभर उलटत होती.

"बाई, मला काहीच आठवत नाहीये."

हिने पुस्तिका काढून घेतली आणि माझ्या हातात कोंबली. मग पर्समधून ते एक पान काढलं. त्यावर थोडीच सूत्रं, दोन-तीन व्याख्या, नेमक्या चिमणीच्या गोंधळाच्या. आरशाचं सूत्र वर, भिंगाचं खाली. नवीन काहीही नाही. सगळे तुकडे चिमणीच्याच चाचण्यांतले, प्रत्येकावर हिची बरोबरची लाल खूण.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"बघून लिहिलं होतंस?"

"नाही."

"मग झालं तर. आत गेलीस की कच्च्या कामाच्या पानावर हेच उतरव, मगच प्रश्न वाच."

चिमणीने पान सावकाश वाचलं, एकदा सूत्रांवर हात ठेवून मनातल्या मनात म्हणून पाहिलं, आणि हिच्याकडे परत देऊन आत गेली. माझाच जीव टांगणीला लागला होता. आम्ही घरी गेलोच नाही, समोरच्या पायरीवर बसून राहिलो.

ती बाहेर आली ती भूक लागली म्हणतच. भिंगाच्या सूत्रात अधिक की उणे, इथे अडकली होती म्हणे. "मग खालचा तुकडा डोळ्यांसमोर आला, बाई. डिंकाचा डाग पडलेला. उणेच होतं." मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू!

चिमणी चांगली पास झाली, प्रशिक्षणालाही गेली. मग एके दिवशी तिचे वडील आले, जरा ओशाळूनच. धाकट्यासाठी तसंच एक पान द्या म्हणाले.

"देईन की," ही म्हणाली. "आधी त्याला वर्षभर लिहू तर द्या."

मी टेबलावरचं ताट उचललं आणि तिला कात्री आणून दिली.