जेवणाच्या सुट्टीतलं मशीन

एक वाजता शिरोलीच्या एमआयडीसीत शांतता पसरायची. भोंगा झाला की लेथ थांबत, ड्रिल थांबत, डबे उघडत, आणि भाजलेल्या मिरचीचा वास कूलंटच्या वासावर मात करत असे. आमच्या शेडमध्ये मात्र त्या वेळी एक मशीन चालू असायचं. ते माझं कर्तृत्व होतं, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता.

आम्ही दोघं भागीदार. दोघेही मंगळवार पेठेतले, एकाच गल्लीतले, पेठेच्या फुटबॉल टीममध्ये मी गोलकीपर आणि तो फॉरवर्ड. तो बीकॉम झाला, मी डिप्लोमा केला, आणि नव्वदच्या सुरुवातीला दोघांनी मिळून मशीन शॉप टाकलं. फाउंड्रीकडून ओतीव माल आणायचा, त्यावर मशीनिंग करायचं आणि विकायचं. आत मी बघायचो. बाहेर तो, म्हणजे गिऱ्हाईक, बँक आणि हिशेब. मी त्याच्या सह्यांकडे कधी बघितलं नाही आणि त्यानं माझ्या मशीनकडे. यालाच विश्वास म्हणतात असं मला वाटायचं.

आमच्याकडे दोनच मुख्य माल होते. एक ट्रॅक्टरचं गिअर हाउसिंग, दुसरा पाण्याच्या पंपाची बॉडी. दोन्हींची भोकं आतून मापात कोरायला एका जुन्या बोअरिंग मशीनवरून जावंच लागे. लेथ आणि ड्रिल रिकामे बसत, पण बोअरिंगसमोर कायम ढीग. पोरांनी त्या मशीनचं नाव ‘नवरदेव’ ठेवलं होतं, कारण सगळा मांडव त्याच्यासाठी खोळंबलेला. मला ते फक्त गमतीचं वाटे.

मग एका रविवारी कारखानदारांच्या हॉलमध्ये पुण्याच्या एका माणसाचं व्याख्यान ऐकलं. निम्मे लोक नाश्त्याला आले होते, मीही त्यातलाच. पण तो माणूस म्हणाला की कारखान्यात एक जागा अशी असते जिथं सगळ्या मालाची वाट अडते. त्या जागेचा गेलेला तास म्हणजे सबंध कारखान्याचा गेलेला तास, आणि दुसरीकडे वाचवलेला तास म्हणजे नुसता देखावा. माझ्या हातातलं उप्पीट तसंच राहिलं. हा माणूस आमच्या नवरदेवाबद्दल बोलत होता.

सोमवारपासून मी कामाला लागलो. नवरदेवासमोर एक रॅक केला आणि त्यावर पिवळा पट्टा मारला. माल पट्ट्याच्या खाली गेला की मागच्या लेथवाल्यांनी भराभर हात चालवायचा, रॅक भरला की मागच्यांनी थांबायचं, उगाच ढीग घालायचा नाही. नवा ओतीव मालही नवरदेव जेवढा खाईल तेवढाच आत घ्यायचा. रॅकच्या अलीकडे तपासणीचं टेबल ठेवलं, कारण हवेची भोकं असलेल्या कास्टिंगवर बोअरिंगची मिनिटं घालवणं म्हणजे निव्वळ पाप. आणि जेवणाच्या सुट्टीत एक बदली ऑपरेटर, त्याला थोडा जादा भत्ता. ‘नवरदेवाला उपाशी ठेवायचा न्हाय,’ अशी शेडमध्ये ताकीदच होती. महिनाभरात माल वेळेवर जायला लागला. माझं डोकं हवेत गेलं, खोटं कशाला सांगू.

मग मी स्टॉपवॉच घेऊन बसलो, आणि जे निघालं ते घेऊन धावत माझ्या भागीदार मित्राकडे गेलो. शेडबाहेरच्या चहाच्या गाडीवर त्याला पकडलं.

“तुझ्या कॉस्ट शीटवर काय हाय, सांग बघू.”

“पंप बॉडी तोट्यात. किती वेळा सांगू, मर्दा?”

त्याचं कॉस्ट शीट मला पाठ होतं. हाउसिंग नऊशेला विकायचं, माल आणि टूल पाचशेचे. पंप बॉडी साडेचारशेला, माल आणि टूल अडीचशेचे. इथपर्यंत भांडण नव्हतं. पुढं तो प्रत्येक नगावर मजुरी टाकायचा आणि मजुरीच्या पटीत भाडं, वीज, व्याज, ऑफिसचा खर्च वाटून द्यायचा. पंपाला हातकाम फार, त्यामुळे त्याच्या वाट्याला दोनशे वीस येत आणि नगामागं वीस रुपये तोटा दिसे. हाउसिंगच्या वाट्याला पावणेतीनशे, म्हणजे सव्वाशे नफा.

“आता माझं ऐक,” मी म्हटलं. “मजुरी आणि भाडं पंप केला न केला तरी द्यायचंच हाय. पोरं पगारी हाईत, पंप बंद केला म्हणून भाडं कमी हुतंय व्हय? तेव्हा तो खर्च नगावर वाटूच नको. एक नग विकला की खरोखर हातात काय येतं? हाउसिंगचे चारशे, पंपाचे दोनशे.”

“मग हाउसिंगच बरं की.”

“थांब की. हाउसिंग नवरदेवावर चाळीस मिनिटं बसतंय, पंप दहाच मिनिटं. तासाला हाउसिंग दीड नग, म्हणजे सहाशे. पंप सहा नग, बाराशे. आपण विकतोय ते नवरदेवाचे तास, लेका! तुझा तोट्यातला पंपच आपलं घर चालवतोय. त्याची मागणी असेल तेवढा पंप आधी, उरलेल्या वेळात हाउसिंग.”

तो चहाचा ग्लास हातात फिरवत राहिला. मला वाटलं, समजलं नाही. म्हणून परत सगळं सांगितलं, ग्लास मांडून, बिस्किटं मांडून. तो मान हलवत होता आणि मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारत होता. दुसरं बोअरिंग मशीन आणलं तर काय? सगळे पंपच घेतले तर? मी खुशीत उत्तरं दिली. इतक्या मन लावून त्यानं माझं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

वर्षअखेरीच्या बैठकीत, सीए आणि बँकेचा माणूस समोर असताना, त्यानं पंप बंद करायचा विषय काढला. मी माझा हिशेब मांडायला लागलो तर तो हसला. “आमचे पार्टनर व्याख्यान ऐकून आलेत,” म्हणाला. बँकवालाही हसला. सीए म्हणाला, प्रत्येक मालानं आपला खर्च सोसला पाहिजे, नाहीतर खर्च भागणार कसा? मी म्हटलं, खर्च एकेका मालातून भागत नाही, सगळ्यांच्या बेरजेतून भागतो, आणि ती बेरीज नवरदेवावर ठरते. पण माझा आवाज चढला होता, आणि चढलेल्या आवाजाचा हिशेब कुणाला खरा वाटत नाही.

बाहेर आल्यावर मित्रानं खांद्यावर हात टाकला. “एवढ्या वर्षात मी तुझ्याकडं काय मागितलंय? एवढं माझं ऐक.” मी ऐकलं. पटलं म्हणून नाही, त्याचा हात खांद्यावर होता म्हणून.

पंप गेला. पाठोपाठ जेवणाच्या सुट्टीतल्या बदली ऑपरेटरचा भत्ताही गेला, खर्च कपातीत. मी पाय आपटले, पण पंप सोडल्यावर भत्त्यासाठी काय भांडायचं? मोकळ्या झालेल्या पोरांना रिकामं बसवायचं नाही असा त्याचा आदेश, त्यामुळे लेथवर हाउसिंग कापून ढीग घालत राहिलो. बोअरिंगमधून जायचे तेवढेच नग जात. तरी ताळेबंदात गंमत अशी, की त्या अर्धवट ढिगावर मजुरी आणि खर्च चढवून तो शिल्लक माल म्हणून दाखवला जाई, आणि वर्षाला नफा दिसे. कागदावर नफा, बँकेत खडखडाट. फाउंड्रीवाले दारात यायला लागले. मी बायकोला म्हणायचो, माझंच काहीतरी चुकत असेल, तो हिशेबातला माणूस आहे.

मग एक जुनं ड्रिल मशीन बघायला मी गडमुडशिंगीला गेलो. मशीन भंगार निघालं. स्कूटर वळवून गावाबाहेर आलो तर एक वाजला होता. रस्त्याकडेच्या दोन-तीन शेडमध्ये सामसूम. फक्त एका नव्या पत्र्याच्या शेडमधून बोअरिंगचा आवाज येत होता. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. जेवणाच्या सुट्टीत बोअरिंग कोण चालवतंय, या निव्वळ कौतुकानं मी आत डोकावलो.

पोरं कोपऱ्यात डबे खात होती. मशीनवर बदली ऑपरेटर. मशीनसमोर रॅक, रॅकवर पिवळा पट्टा. अलीकडे तपासणीचं टेबल. रॅकवर आमच्याच पंपाच्या बॉडी. मी इतका मूर्ख, की पहिला क्षणभर मला आनंद झाला. कुणाला तरी पटलं!

मग आतल्या केबिनमधून मित्र बाहेर आला, हातात चपातीचा तुकडा.

तो दचकला, पण फार नाही. “ये की,” म्हणाला. “मेव्हण्याच्या नावावर हाय. मी जरा बघतो.”

“पंप तोट्यात हाय की रे.”

त्यानं हातातला तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाला, “तू चहाच्या गाडीवर सांगितलंस, तेव्हाच पटलंतं मला.”

“मग बँकवाल्यासमोर हसलास का?”

“हसलो नसतो तर तू पंप सोडला असतास व्हय?”

 शिव्या खूप येतात मला, पेठेत वाढलोय. एकही आठवली नाही. त्यानं माल नेला, गिऱ्हाईक नेलं, याचं मला तितकं वाटलं नाही. त्या शेडमध्ये माझं डोकं मांडून ठेवलं होतं, आणि घरी मी रोज त्याच डोक्याला दोष देत होतो. हे मला सहन होईना.

“साहेब, रॅक खाली गेला,” बदली ऑपरेटर ओरडला. माल पट्ट्याच्या खाली आला होता. पोरं जेवत होती. मी काय केलं, ते आजही कुणाला सांगायची लाज वाटते. मी टेबलावरची तपासलेली बॉडी उचलली आणि रॅकवर ठेवली. मग दुसरी. हातांना कुणाचं मशीन ते कळत नव्हतं.

“बघ, हे कुणाला जमतंय?” मित्र म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच माया होती, आणि तेच सगळ्यात वाईट. “जेवून जा.”

मी स्कूटर काढली आणि न थांबता शिरोलीला आलो. सुट्टी संपायला थोडा वेळ होता. आमच्या शेडमध्ये नवरदेव बंद उभा होता, त्याच्यासमोर हाउसिंगचा ढीग कमरेपर्यंत आला होता. मित्रानं आमचा नवरदेव उपाशी ठेवला होता, आणि मी आत्ता त्याच्या नवरदेवाला वाढून आलो होतो.

ऑपरेटर डबा खात होता. मी त्याला उठू नको म्हटलं, बाह्या वर केल्या आणि मशीन चालू केलं.