सहाव्या तासिकेवरचा उजेड

मला एक्सेल येतं, असा आमच्या शाळेत एक जुना समज आहे. कधीतरी सहलीच्या मुलांची यादी मी वर्णानुक्रमे लावून दिली होती. तेव्हापासून ज्या कामाला संगणकाचा वास येतो ते काम माझ्या टेबलावर येऊन पडतं. मी खरं तर भूगोल शिकवतो. पण हा समज खोडून काढायच्या फंदात मी कधी पडलो नाही, कारण खरं सांगायचं तर तो मला आवडत होता.

गेल्या वर्षी जुलैत संस्थेचं पत्र आलं. शाळेचं वेळापत्रक ठरलेल्या नमुन्यात पाठवा: प्रत्येक वर्गाचा आठवड्याचा तक्ता, प्रत्येक वाराखाली तासिका, विषय आणि शिक्षक असे तीन रकाने. शनिवारी शाळा सुटता सुटता मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीतल्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढला, मला पाठवला आणि सोमवारी सकाळी तक्ता हवा म्हणून सांगितलं. फोटो पाठवला की काम निम्मं झालं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

हा फलक म्हणजे आमच्या शाळेची कुंडली. शेजारच्या नारपोलीतल्या यंत्रमागांवरून उडणारा कापूस त्याच्या चौकटीवर वर्षभर बसतो आणि तो कोणी पुसत नाही, कारण फलकाकडे कोणी बघतच नाही. उभ्या बाजूला वर्ग, आडव्या बाजूला तासिका. प्रत्येक चौकोनात विषय, शिक्षकाची आद्याक्षरं आणि वारांसाठी आकडे. एक म्हणजे सोमवार, सहा म्हणजे शनिवार. एका चौकोनात दोन ओळीही असतात. वर 'भूगोल १-३', खाली 'हिंदी ४-६' असं लिहिलं असेल, तर सोमवार ते बुधवार भूगोल आणि गुरुवार ते शनिवार हिंदी. आकडा नसेल तर तो विषय आठवडाभर. ज्याला हे कळतं त्याला बोटभर चौकोनात सहा दिवस दिसतात. संस्थेला मात्र ते सहा दिवस सुटे सुटे हवे होते.

रविवारी मी आधी अक्कलहुशारी केली. फोटोतली अक्षरं ओळखणारं एक ॲप आहे, त्याला फोटो भरवला. फलकावर चौथ्या आणि पाचव्या तासिकेच्या मधोमध 'मधली सुट्टी' हे शब्द वरून खाली एकेक अक्षर करून लिहिलेले आहेत. ॲपने ती अक्षरं प्रत्येक वर्गाला वाटून टाकली. पाचवी अ ला 'म' हा विषय आला, पाचवी ब ला 'ध', आणि सातवीला नुसतंच 'सु'. यंत्राला हसत हसत मी तक्ता हाताने टाइप करायला बसलो. माणूस असल्याचा त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग सहाव्या तासिकेच्या रकान्यात एक पांढरा गोळा भेटला. खोलीतली ट्यूबलाइट फलकाच्या काचेवर चमकली होती. सातवी ब च्या चौकोनातली खालची ओळ आणि त्याच्या खालच्या आठवी अ ची वरची ओळ त्या उजेडात गडप झाली होती. सातवी ब चा माझा भूगोल सोमवार ते बुधवार स्वच्छ दिसत होता. आठवी अ ची चित्रकला गुरुवार ते शनिवार दिसत होती. उरलेले सहा तास उजेडाने गिळले.

आता शहाणा माणूस काय करेल? मुख्याध्यापकांना फोन करेल, किंवा सोमवारी अर्धा तास लवकर जाऊन फलक बघेल. मी तसं काही केलं नाही. रिकामी चौकट तक्त्यात दात पडल्यासारखी दिसत होती आणि मी चौकटींना फिकट निळा रंग दिला होता. म्हणून त्या सहा जागी मी 'स्वयंअध्ययन' असं लिहिलं आणि शिक्षकाच्या रकान्यात एक छोटी रेघ मारली. सोमवारी बघून दुरुस्त करू, असं मनाशी म्हणालो. सोमवारी बघायचं राहिलं. राहणारच होतं, कारण सोमवारी तक्त्याचं कौतुक सुरू झालं.

मुख्याध्यापकांना रंग आवडले. संस्थेच्या माणसाला त्याहून जास्त आवडलं ते स्वयंअध्ययन. मुलांना स्वतःहून शिकू देणारी शाळा, असं तो बैठकीत म्हणाला म्हणे. मुख्याध्यापकांनी मान किंचित लववून ते श्रेय स्वीकारलं. ट्यूबलाइटने घडवलेलं हे शैक्षणिक धोरण मग छापून, सही-शिक्क्यासह प्रत्येक वर्गात चिकटवलं गेलं.

आमच्याकडे हिंदीच्या एक बाई आहेत. अंजूरहून रिक्षाने येतात. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. नवरा गोदामात रात्रपाळीला, त्याची ड्युटी सातला सुरू होते. शाळा साडेपाचला सुटली की त्या सव्वासहाला घरी, आणि त्या पोचल्या की नवरा बाहेर. हे गणित मिनिटावर बांधलेलं आहे हे शिक्षकखोलीत सगळ्यांना ठाऊक, म्हणून सुटल्यावरच्या बैठकीत त्यांना कोणी अडवत नाही. बाई भिंतीवरचे कागद वाचत नाहीत. जूनमध्ये एकदा फलक बघून आपला आठवडा पाठ करतात आणि मग घड्याळासारख्या त्या त्या वर्गात जातात.

तेव्हा एका बुधवारी सहाव्या तासिकेला, आठवी अ मध्ये स्वयंअध्ययन कसं चाललंय ते बघायला मुख्याध्यापक तक्ता हातात घेऊन गेले, तर बाई फळ्यावर हिंदी शिकवत होत्या. मी समोरच्या वर्गात होतो, दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, तुमचा तास नसताना तुम्ही इथे काय करताय?

"सर, पोरं बसलीत ना वर्गात," बाई म्हणाल्या.

मला हसू आलं. का आलं कोण जाणे. त्या बुधवारचं ते हसू आठवलं की आजही मान खाली जाते.

पुढच्या आठवड्यात संस्थेने कार्यभार कमी असलेल्या शिक्षकांची नावं मागवली. असे शिक्षक पडघ्यापुढच्या संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत पाठवायचे होते. पूर्वी फलकावरून तास मोजायचे तर दुपार जायची. आता माझ्या तक्त्यात शिक्षकाचं नाव किती वेळा आलंय ते एक्सेल डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगतं. ही सोय मीच करून ठेवली होती आणि मुख्याध्यापकांना शिकवलीही होती. सगळ्यांचे तास सव्वीसच्या वर होते, बाईंचे बावीस.

बाई मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आल्या. चिडलेल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. बदलीचं पत्र तयार होतंय, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पडघ्याहून दोन रिक्षा आणि एक बस करून घरी पोचायला आठ वाजतील, तोवर सासऱ्यांजवळ कोण बसणार, एवढंच त्या एकदा म्हणाल्या. मग पर्समधून घडी घालून मऊ झालेला वहीचा कागद काढला. त्यावर पेन्सिलने त्यांचा आठवडा होता.

"तुमचा संगणक बावीस मोजतो. माझे अठ्ठावीस होतात. माझंच काय चुकतंय, ते दाखवता का?"

मी कागदाकडे बघितलं. सहावी तासिका, सोमवार ते बुधवार आठवी अ. गुरुवार ते शनिवार सातवी ब. उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं, तरी मी लॅपटॉप उघडून उगाच दोन मिनिटं खालीवर केलं. पहिला विचार आला तो असा की फाइल गुपचूप दुरुस्त करावी आणि कुठेतरी तांत्रिक अडचण होती म्हणून सांगावं. यंत्राला हसणाऱ्या माणसाला चूक यंत्रावर ढकलायला किती वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं.

पण बाई समोर उभ्या होत्या. तुमचं काही चुकलं नाही, मी न बघता लिहिलं, असं मी त्यांना सांगितलं. बाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या माझ्याबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीत आल्या.

मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं. फोटोतला पांढरा गोळा मी दाखवला, मग भिंतीवरचा फलक दाखवला. दोन्ही ओळी तिथे होत्या, शाईसुद्धा फिकी झाली नव्हती. फलकाकडे बघत ते म्हणाले, तक्ता वर गेलाय, त्यावर सही-शिक्का आहे, स्वयंअध्ययनाचं कौतुकही झालंय. तेव्हा फलकच दुरुस्त केला तर?

माझ्या नोकरीत मी वरिष्ठांपुढे आवाज कधी चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. फलकावरच्या त्या सहा तासांना रोज पन्नास-पन्नास मुलं बसतात आणि बाई रोज जाऊन शिकवतात, ते कशाने पुसणार, असं काहीसं मी बोललो. फार छान वाक्यं नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, मग चूक कोणाची ते लेखी द्या.

मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. फोटोत दोन ओळी दिसत नव्हत्या, त्या फलकावर न तपासता मी मनाने भरल्या, हिंदी शिक्षिकेचे सहा तास माझ्यामुळे वगळले गेले, त्यांचा कार्यभार अठ्ठावीस आहे. खाली सही केली. भूगोलाच्या उत्तरपत्रिकांवर मी इतकं स्पष्ट कधी लिहिलं नसेल. संस्थेला ताबडतोब कळवायचं म्हणून मुख्याध्यापकांनी कागद काचेच्या टेबलावर, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला.

फोटो मला दाखवला. कागद छान आला होता. फक्त 'अठ्ठावीस' होतं तिथे पांढरा गोळा होता.

मी काही म्हणायच्या आत बाई उठल्या, दाराशी गेल्या आणि त्यांनी ट्यूबलाइटचं बटण बंद केलं.

"आता काढा, सर," त्या म्हणाल्या.