गेलेल्या माणसाचा कर

सूचीवाल्या बाई, एवढीच त्यांची ओळख. जाडजूड कायद्याच्या पुस्तकांना शेवटी जी शब्दसूची असते, ती त्या करतात. कोणता शब्द कोणत्या पानावर आला, हे आठ-आठशे पानं वाचून टिपायचं. वाचकाला वाटतं, ही पानं आपोआप उगवतात. आधी हे काम त्यांचे यजमान करायचे आणि बाई त्यांना पानं वाचून दाखवायच्या. दीड वर्षापूर्वी हिवाळ्यात यजमान गेले. प्रकाशकाच्या संपादिकेने भीतभीत विचारलं, पुढचं पुस्तक कराल का? बाई म्हणाल्या, करते. रडणं त्यांनी मधल्या वेळात उरकलं.

वर्षभरात चार पुस्तकं झाली. प्रत्येकाचे साठ हजार ठरले होते आणि हातात चोपन्न येत होते. दहा टक्के कर प्रकाशक आधीच कापून भरतो, हे त्यांना ठाऊक होतं. वर्षाची कमाई करपात्र मर्यादेच्या खालीच होती, म्हणजे कापलेले चोवीस हजार विवरणपत्र भरलं की परत मिळणार. त्या पैशांवर एक गोष्ट अडून होती. यजमानांचा संगणक दर अर्ध्या तासाला मान टाकत होता, आणि प्रकाशकाने सात खंडांचं काम देऊ केलं होतं. नवा संगणक आला तर ते घेता येणार होतं, नाहीतर नाही. संपादिका उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होती.

नणंदेचा मुलगा करसल्लागार. दोन खुर्च्या, एक कपाट आणि भिंतीला ओल, असं त्याचं ऑफिस. त्याने कर खात्याच्या साइटवर मामीचं खातं उघडलं आणि पान दोनदा वर-खाली केलं.

"काय रे?"

"मामी, तुमच्या नावावर काहीच नाही. एक पैसाही कापलेला दिसत नाही."

"असं कसं? चोपन्नच आलेत दरवेळी."

"आलेत चोपन्न, ते पासबुकात दिसतंय. पण वरचे सहा कुणाच्या तरी नावावर जमा झालेत. बिलं आणलीत?"

आणली होती. चारही बिलं त्याने टेबलावर एकाखाली एक मांडली. वर ठळक अक्षरांत मामीचं नाव. रक्कम साठ हजार, वजा कर सहा हजार, निव्वळ येणं चोपन्न हजार. सगळं बिनचूक. मग त्याचं बोट अगदी खाली गेलं. तिथे बारीक अक्षरांत पत्ता, फोन आणि कर क्रमांक होता.

"हा नंबर कुणाचा?"

"बिलावरचाच आहे तो. तुझ्या मामांचं बिल होतं ना, मी नुसतं नाव बदललं."

"नंबर बिलाचा नसतो मामी, माणसाचा असतो." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. "प्रकाशकाच्या हिशेबात नंबर टाकला की माणूस ठरतो. वरचं नाव वाचतंय कोण. वर्षभर मामा कर भरताहेत."

बाईंनी बिल उचलून डोळ्यांजवळ नेलं. दुसऱ्याच्या पुस्तकातलं एक चुकीचं पान त्या झोपेतही पकडतील. स्वतःच्या कागदाची तळओळ त्यांनी वर्षभर वाचली नव्हती. वाचावी असं ते काही वाटलंच नव्हतं; घराला दार असतं तशी ती ओळ तिथे होती.

"बँकेच्या कसं लक्षात आलं नाही?"

"खातं अजून तुम्हा दोघांच्या नावावर आहे ना. पैसे बरोबर पडले, मग कोण शंका घेणार?"

"आणि तू? मामांचं विवरणपत्र तूच भरलंस ना?"

"ते गेले त्या वर्षापुरतं भरलं. पुढे कशाला उघडू? आता हे मला इथून सुधारता येत नाही. ज्यांनी कापला त्यांनीच खात्याकडे दुरुस्तीचं विवरणपत्र भरायचं. त्यांनी नाही म्हटलं तर बसा चोवीस हजारांकडे बघत."

दुसऱ्या दिवशी बाई प्रकाशकाच्या हिशेब विभागात गेल्या. ही खोली तळमजल्यावर. छापलेल्या पुस्तकांचा वास तिथपर्यंत येतो, पुस्तकं येत नाहीत. हिशेबनीस निवृत्तीला टेकलेला, चष्मा कपाळावर.

"बोला मॅडम."

बाईंनी बिल पुढे केलं. त्याने नंबर टाकला, पडद्यावर नाव आलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे तर आपले जुने. फोन नाही बऱ्याच दिवसांत. बरे आहेत ना?"

"गेले. दीड वर्ष होईल."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला. "मला कुणी सांगितलं नाही वहिनी. वरच्या मजल्यावरच्यांना कळलं असेल. आमच्यापर्यंत फक्त आकडे येतात." मग हळूच म्हणाला, "कपातीचे दाखले मी दर तिमाहीला त्यांच्या ईमेलवर पाठवत होतो."

"तो कुणी उघडत नाही."

"अंदाज येतोय."

मग हिशेबनीस हिशेबनीस झाला. "हे बघा, चूक तुमच्या कागदावर आहे. मी उद्या नाही म्हटलं तर मला कुणी विचारणार नाही. दुरुस्ती करायची म्हणजे चारही तिमाह्यांची विवरणपत्रं पुन्हा उघडायची. त्यांचा नंबर काढून तुमचा घालायचा, आणि साहेबांना कारण द्यायचं."

"कारण काय द्याल?"

"काम कुणी केलं, हेच. केलं कुणी?"

"मी. शेवटचा शब्दसुद्धा मीच लिहिलाय."

"मग तसं संपादिकेकडून लिहून आणा. मृत्यूचा दाखला, तुमचं कर कार्ड आणि चारही बिलं सुधारून. तारखा-क्रमांक तेच ठेवा, वर 'सुधारित' लिहा. आणि वहिनी, रक्कम पूर्ण साठच दाखवा. कालच एक चित्रकार स्वतःच दहा टक्के वजा करून चोपन्नचं बिल देऊन गेला. आम्ही त्यातून पुन्हा कापणार, हातात पडणार अठ्ठेचाळीस हजार सहाशे, आणि वर शिव्या आम्हालाच."

बाईंनी तिथेच त्याच्या संगणकावर बिलं सुधारली. खालच्या ओळीतला जुना नंबर खोडायला दहा वेळा कळ दाबावी लागली. चार बिलं, चाळीस वेळा. हिशेबनीस तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

संपादिकेचं पत्र आणि दाखला दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. पुढे एकोणीस दिवस काही हललं नाही. बाई रोज भाच्याला फोन करायच्या, तो रोज "नाही मामी" म्हणायचा. विसाव्या दिवशी, महिना संपायला चार दिवस असताना, त्यानेच फोन करून बोलावलं.

मामीच्या नावावर चार ओळी आल्या होत्या. प्रत्येकीत साठ हजार, आणि कापलेले सहा.

"झालं. पण तिकडून निघालंय का, तेही बघायला हवं. नाहीतर दोन्हीकडे दिसेल आणि खातं प्रश्न विचारेल." त्याने मामांचं खातं उघडलं. वारस म्हणून नोंद मामीचीच होती.

पडद्यावर वर्ष आलं. त्याखाली लिहिलं होतं : या वर्षासाठी कोणतीही नोंद नाही.

भाचा ते पान बंद करायला गेला. बाई म्हणाल्या, "थांब जरा."

एक माणूस वर्षभर कमावत होता, कर भरत होता, कुठेतरी त्याचं नाव सरकारदरबारी उमटत होतं, आणि आपल्याच हाताने आपण त्याला तिथून पुसलं. असं काही त्यांच्या मनात आलं असेल, किंवा आलंही नसेल. त्यांनी ती ओळ वाचली. कामातली ओळ वाचतात तशीच, बोट ठेवून.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्या वर्षात ते कुठल्याच पानावर नव्हते."

मग खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "आता माझं वाच."

त्याने वाचलं. "एकूण उत्पन्न दोन लाख चाळीस हजार. देय कर शून्य. आधी कापलेला कर चोवीस हजार. परतावा चोवीस हजार. पाठवू?"

"पाठव," बाई म्हणाल्या, आणि पर्समधून फोन काढून त्यांनी संपादिकेचा नंबर लावला.